‘आंबे गोड होते, पण…’

हापूसच्या पेटीबद्दल लोक इंटरनेटवर काय लिहितात ते वाचायला बसलं, की एक शब्द पुन:पुन्हा भेटतो: ‘पण’. आंबे गोड होते, पण सगळे एकदम पिकले. आंबे चांगले होते, पण डझनात नऊच मोठे होते. चव अस्सल होती, पण दोन फळं आतून पांढरी निघाली. ‘पण’च्या आधीचं वाक्य ऐकायला गोड लागतं म्हणून विक्रेता ते कापून आपल्या जाहिरातीत चिकटवतो. धंदा शिकायचा असेल तर पुढचं वाक्य वहीत उतरवायला हवं.

लोक आपापसात जे उघडपणे बोलतात ते पद्धतशीर गोळा करून त्यातून गिऱ्हाइकाचे प्रश्न, तक्रारी आणि इतर विक्रेत्यांच्या उणिवा ओळखायच्या, या कामाला ‘सोशल लिसनिंग’ म्हणतात. मोठ्या कंपन्या त्यासाठी महागडी सॉफ्टवेअरं घेतात. कोकणातून थेट घरपोच आंबा विकणाऱ्या बागायतदाराला त्यांची गरज नाही. त्याचा बाजार इतका चिंचोळा आहे, की मोसमभरातली सगळी कामाची वाक्यं एका जाड वहीत मावतील. सॉफ्टवेअर उलट इथे फसतं. ‘वा, काय आंबे दिलेत!’ हे वाक्य यंत्र कौतुकाच्या रकान्यात टाकू शकतं. कोणताही मराठी माणूस ते वाचून आधी विचारतो, की हे कोणत्या सुरात म्हटलंय?

आपण एक बागायतदार कल्पू. राजापूरच्या बाजूला कातळावर दीडशे कलमं. आजवर माल वाशीच्या बाजार समितीत दलालाकडे जायचा. यंदा त्याला पुण्या-मुंबईच्या घरांत स्वत: पेट्या पाठवायच्या आहेत. थेट विकणारे आधीच ढिगाने आहेत आणि सगळ्यांच्या जाहिरातीत तेच चार शब्द आहेत: अस्सल, नैसर्गिक, रसाळ, घरपोच. याने पाचवा कोणता शब्द लिहावा?

पहिली अडचण शोधण्याचीच येते. बागायतदार आणि दलाल ज्याला ‘साका’ म्हणतात, तो दोष शहरातलं गिऱ्हाईक त्या नावाने क्वचितच लिहितं. फळ बाहेरून पिवळंधमक, कापल्यावर आत पांढरट, रबरासारखा, आंबूस गर. शहरातला माणूस लिहितो ‘आतून कच्चा निघाला’, ‘आत सडका होता’, ‘मधे स्पंजसारखं काहीतरी’. आपल्या शब्दाने शोधत बसलं तर हाती फारसं लागत नाही. उलट ‘साका’ टाकल्यावर पंजाबच्या इतिहासातले साके समोर येतात आणि नुसतं ‘हापूस’ टाकलं तर त्या नावाचा 2010 चा मराठी सिनेमाही. म्हणून आधी गिऱ्हाइकाच्या शब्दांची यादी करायची, तीही देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, कारण मराठी माणूस फोनवर बरंचसं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. शोध साधारण असा दिसतो:

```
(हापूस OR hapus OR haapus OR alphonso) (आतून OR aatun OR kharab OR spongy)
(हापूस OR hapus OR alphonso) (पिकला OR pikla OR kachcha OR fridge)
site:reddit.com alphonso pune delivery
```

बाकी ठिकाणं ठरलेली आहेत. गूगल मॅप्सवर आंबा विक्रेत्यांच्या नावाखालचे शेरे, ऑनलाइन दुकानांतल्या आंब्याच्या पेटीखालचे शेरे, ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’ अशा यूट्यूब व्हिडिओंखालची चर्चा, फेसबुक-इन्स्टाग्रामवर विक्रेत्यांच्या पोस्टखाली विचारलेले प्रश्न. यूट्यूबखालची चर्चा मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण तिथे अजून विकत न घेतलेला माणूस बोलतो. शेरा लिहिणारा खरेदी करून मोकळा झालेला असतो. दोघांचं ओझं वेगळं, म्हणून वहीतही दोघांना वेगळं पान हवं: एक ‘घेण्याआधीचे प्रश्न’, दुसरं ‘घेतल्यानंतरच्या तक्रारी’.

शेरे वाचताना एक तारा आणि पाच तारे आधी बाजूला ठेवावेत. पाच तारेवाला ‘मस्त’ लिहून जातो, एक तारावाला रागात असतो आणि राग बरेचदा कुरियरच्या पोराचा असतो. तीन तारे देणारा माणूस सावकाश लिहितो. आपला ‘पण’ त्याच्याकडेच असतो.

प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, चुकीच्या शुद्धलेखनासकट. एका माणसाचं एकच वाक्य. तोच माणूस पाच ठिकाणी ओरडला तरी तो एकच. लिहिणाऱ्याचं नाव मात्र वहीत नको, आपल्याला माणूस नको, त्याची अडचण हवी आहे. शेजारी दोन रकाने: या वाक्यामागचं खरं कारण काय, आणि ते कोणाच्या हातात आहे, बागेच्या, पॅकिंगच्या, वाहतुकीच्या की गिऱ्हाइकाच्या? हे दोन रकाने भरणं हीच खरी मेहनत. तक्रारीतले शब्द आणि तक्रारीचं कारण यांची गाठ फार कमी वेळा जुळते.

समजा, आपल्या बागायतदाराने दोन महिन्यांत एकशेचाळीस वाक्यं जमवली. (आकडे उदाहरणाचे आहेत.) त्यातली सेहेचाळीस एकाच धाटणीची निघाली: ‘आंबे हिरवेच आले’, ‘आठ दिवस झाले, पिकलेच नाहीत’, ‘वरून सुरकुतले, आत आंबट’. घाईने वाचणारा म्हणेल, हे विक्रेते कोवळा माल काढतात, आपण पक्का काढू, की जिंकलो. आणि तो इथेच फसेल.

हापूस दूरवर पाठवायचा तर तो झाडावरून हिरवाच उतरवावा लागतो. साधारण ऐंशी-पंच्याऐंशी टक्के तयार झालेलं फळ झेल्याने, देठासकट काढतात आणि ते पुढे गवताच्या अढीत किंवा पेटीतच पिकतं. पूर्ण पिकलेलं फळ ट्रकच्या एका रात्रीत लोळागोळा होईल. म्हणजे ‘हिरवे आले’ ही बहुतेक वेळा चूक नसतेच. मग ‘पिकलेच नाहीत’ कुठून येतं? त्याच लोकांची पुढची-मागची वाक्यं नीट वाचली, की अधूनमधून एक तपशील सहज बोलून गेलेला सापडतो: ‘आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवले होते, तरीही…’ इथेच मेख आहे. कच्चा आंबा साधारण बारा-तेरा अंशांच्या खालच्या थंडीत ठेवला तर फळाला थंडीची इजा होते. पिकण्याची क्रिया अडते, साल काळवंडते, आणि नंतर बाहेर काढला तरी त्याला धड चव येत नाही. घरचा फ्रीज याहून बराच थंड असतो. गिऱ्हाइकाने फळ जपायला म्हणून जे केलं, त्यानेच फळ बिघडलं, आणि शेरा विक्रेत्याच्या नावावर चढला.

आता यूट्यूबवरचं ‘घेण्याआधीचं’ पान उघडावं. तिथे ‘पेटी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची का?’ हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला दिसतो, आणि त्याखाली विक्रेत्याचं उत्तर असतं: ‘ऑर्डरसाठी संपर्क करा.’ दोन पानं शेजारी ठेवली, की प्रश्न आणि तक्रार एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत हे कळतं.

याच सेहेचाळीसांच्या बाजूला अगदी उलटी तक्रारही असते: सगळे आंबे एकाच दिवशी पिकले. चार डझनांची पेटी आणि घरात तीन माणसं. अठ्ठेचाळीस फळं तीन दिवसांत संपवायची म्हणजे शेजारीपाजारी वाटणं आलं. तेव्हा पहिल्या नजरेला ‘उशिरा पिकतो’ आणि ‘लवकर पिकतो’ अशा परस्परविरोधी वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ एकच: कोणता आंबा कधी खायचा हे खाणाऱ्याला कोणी सांगितलेलं नाही. त्यावर उपाय बागेत नाही, पॅकिंगच्या पडवीत आहे. दोन डझनांचं खोकं, त्यात तीन टप्प्यांची फळं वेगवेगळ्या थरांत, आणि वर एक चिठ्ठी: वरचा थर आधी खा, बाकीचे खोलीत, हवा लागेल असे पसरून ठेवा, फ्रीज फक्त पूर्ण पिकलेल्या फळाला, तोही दोन-तीन दिवस.

हे मोठा विक्रेता का करत नाही, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. प्रतिस्पर्ध्याची उणीव सापडली म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नसतो. त्याला ती आठवड्यात भरून काढता आली तर ती उणीव आपल्या काय कामाची? चिठ्ठी उद्या कोणीही छापेल. पण पन्नास बागांतून माल उचलून गोदामात एकत्र करणाऱ्याला कोणती रास कोणत्या दिवशी उतरवली हे सहसा माहीत नसतं, त्यामुळे टप्पे लावणं त्याला जड जातं. आपला बागायतदार मात्र कोणत्या कलमावर मंगळवारी झेला फिरला हे डोळे मिटून सांगेल. ही उणीव धरण्याजोगी आहे.

यानंतरची मोठी चवड आकाराची. ‘मोठा’, ‘मध्यम’, ‘स्पेशल’ असे शब्द सगळेच वापरतात, आणि एकाचा मध्यम हा दुसऱ्याचा मोठा असतो. गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा असतो: डझनाचं वजन किती? उत्तर ग्रॅममध्ये द्यावं हे उघड आहे, पण इथेही एक फट आहे. पिकताना फळातलं पाणी उडतं आणि वजन घटतं. अडीचशे ग्रॅमचं म्हणून पाठवलेलं फळ घरी आठवड्याने तराजूवर त्याहून कमी भरतं आणि नवी तक्रार जन्माला येते. म्हणून ‘पॅकिंगच्या दिवशीचं वजन’ हे शब्द हवेतच.

अस्सलपणाच्या शंकेबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. ‘देवगड’ छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो ही शंका जुनी आहे. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2025 च्या मोसमात देवगडच्या उत्पादक संस्थेने फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. एक निरीक्षण मात्र नोंदवतो. गिऱ्हाईक ‘नैसर्गिक पिकवलेला का?’ असं विचारतं तेव्हा त्याच्या मनात कॅल्शियम कार्बाइड असतं, ज्याने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूने ठरावीक मर्यादेत पिकवण्याला परवानगी आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हे उत्तर या भीतीला भिडतच नाही. ‘कार्बाइड वापरत नाही, गवतात पिकवतो’ हे भिडतं.

आणि आता साका, संख्येने कमी पण सगळ्यांत कडवट.

साका बाहेरून ओळखता येत नाही. फळ पक्व होताना कोय आतल्या आत रुजायच्या तयारीला लागते आणि भोवतालच्या गराचं पोषण ओढते, असं संशोधन सांगतं. कातळाची तापलेली हवा आणि झाडावर जास्त दिवस राहिलेलं फळ यांनी तो वाढतो. झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन घालणं, फळ वेळेत उतरवणं आणि उतरवल्यावर उन्हात न ठेवणं यांनी तो कमी होतो. शून्य होत नाही. तरीही ‘साका निघणार नाही याची हमी’ असं लिहिणारे विक्रेते असतातच.

साक्याबद्दलची सतरा वाक्यं एकामागून एक वाचताना एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. त्यांतल्या बहुतेकांत साक्यावर अर्धं वाक्य असतं आणि उरलेल्या चार ओळी पुढच्या घटनेवर: फोटो पाठवला, निळी खूण आली, उत्तर नाही. फोन केला तर म्हणाले, ‘ताई, आंबा निसर्गाच्या हातात असतो.’ लोक निसर्गाला माफ करायला तयार असतात. न उचललेला फोन माफ करत नाहीत. म्हणजे साक्याच्या नावाखाली नोंदलेली तक्रार मुळात उत्तर न मिळाल्याची आहे. ती ‘फळाचा दर्जा’ या रकान्यात टाकली असती तर आपण बागेत उपाय शोधत बसलो असतो.

मग हिशेब करावा. शंभर पेट्या, प्रत्येकी चार डझन, म्हणजे चार हजार आठशे फळं. समजा शंभरात पाच फळांत साका निघाला, तर दोनशे चाळीस फळं. वीस डझन, म्हणजे पाच पेट्या. ‘कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, पुढच्या खोक्यात तितकी फळं जास्त येतील’ असं जाहीर करायला जास्तीत जास्त शंभरात पाच पेट्यांचा खर्च आहे, तोही प्रत्येकाने प्रत्येक फळाचा फोटो पाठवला तर. एवढा भाव आधीच धरता येतो. जाहिरातीत ‘हमी’ऐवजी ‘साका निघू शकतो, निघाला तर हे करू’ असं लिहिणं धाडसाचं वाटेल. माझ्या मते या अख्ख्या वहीतून निघालेलं सगळ्यांत किमती वाक्य हेच, आणि आपल्या बागायतदाराला हवा होता तो पाचवा शब्दही हाच: साका.

या कामाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. लिहिणारे थोडे असतात. नाराज होऊन गप्प बसणारे आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणारे वहीत येतच नाहीत. शेरे खोटेही असतात, स्वत:चे गोडवे आणि दुसऱ्याची निंदा दोन्ही. सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी भारतीय मानक आणलं, पण ओळखायचं काम शेवटी वाचणाऱ्याचंच. एकाच दिवशी आलेले सात-आठ शेरे, लिहिणाऱ्याच्या खात्यावर आयुष्यात तेवढाच एक शेरा, आणि मजकुरात पेटी, दिवस, फळ यांचा एकही तपशील नाही, असं दिसलं की ते वाक्य वहीबाहेर. खऱ्या वैतागलेल्या माणसाला तपशील दिल्यावाचून राहवत नाही.

शिवाय आंब्याची खरी बोलणी सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत होतात आणि तिथे कोणतंही साधन पोचत नाही, पोचूही नये. खोट्या नावाने गटात शिरून वाक्यं गोळा करणारे मी पाहिले आहेत. ती चोरीच आहे. उघड्यावर लिहिलेलं वाचावं, बंद दाराआडचं सोडून द्यावं. सार्वजनिक दारंही हळूहळू लहान होत आहेत. फेसबुकवरच्या चर्चा पाहण्याचं क्राउडटँगल हे साधन कंपनीने ऑगस्ट 2024 मध्ये बंद केलं, आणि ट्विटरने 2023 पासून आपल्या माहितीच्या वापराला पैसे लावले. हाताने वाचणाऱ्याला याची झळ कमी लागते, हा छोट्या बाजाराचा आणखी एक फायदा.

पण व्हॉट्सॲपची एक बाजू हक्काची आहे: स्वत:च्या फोनवर आलेले निरोप. ‘दादा, आंबे अजून हिरवेच आहेत हो!’ हा फोन दिवसातून चौथ्यांदा आला की बागायतदार वैतागतो आणि तेच उत्तर चौथ्यांदा देतो. तो फोन वहीत जात नाही, कारण फोनवरचं बोलणं त्याला ‘माहिती’ वाटत नाही. खरं तर ते सगळ्यांत खात्रीचं आहे: माणूस खरा, पेटी खरी, तारीख ठाऊक. मागच्या मोसमाचे निरोप खाली सरकवत वाचले तरी पहिली दहा पानं भरतील.

वेळही साधावी लागते. आंब्यावरची वाक्यं एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि जूनच्या पावसाबरोबर आटतात. मोसमात वाचायला बसलं तर खोकी छापून झालेली असतात, चिठ्ठी लिहायला सवड नसते. मागच्या वर्षीचे शेरे मोहोर धरतो तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत वाचावेत. नोव्हेंबरमधली चर्चा मात्र जपून घ्यावी. त्या सुमारास मलावीहून आलेला हापूस वाशीत उतरतो आणि भावाबद्दलची अर्धी आश्चर्यं त्याच्याबद्दलची असतात.

एक प्रश्न वहीत कधीच सुटत नाही. लोक मागतात ते आणि ज्याला पैसे मोजतात ते एकच असेल असं नाही. टप्प्याटप्प्याने पिकणाऱ्या दोन डझनांच्या खोक्यावर शंभरजणांनी ‘अरे वा’ म्हटलं, तरी चार डझनांच्या पेटीपेक्षा डझनामागे पन्नास रुपये जास्त देऊन ते घेतील का? ते कळायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अशी पंचवीस खोकी नेहमीच्या पेट्यांबरोबर विकायला ठेवावी लागतात, आणि संपली की नाहीत हे बघावं लागतं.